गच्चीचं बिल ‘इमारत’मध्ये टाकायचं की ‘दुरुस्ती’त?

तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाचे हिशेब मी काही वर्षं बघतोय. एका फेब्रुवारीत, अंदाजपत्रकाची बैठक दोन दिवसांवर आलेली असताना, आमच्या तरुण चिटणीसानं माझ्यासमोर एक बिल ठेवलं. कंत्राटदारानं एका ओळीत सगळं उरकलं होतं : ‘बिल्डिंग काम, रु. ६,८५,०००’. चिटणीस म्हणाला, “काका, हे सरळ इमारत खात्यात टाकू ना? पैसे इमारत निधीतूनच दिलेत.”

त्याच्या या एका वाक्यात दोन चुका होत्या. त्या तो एकटाच करत नाही. शाळा, वाचनालयं, मंडळं, ट्रस्ट यांच्या अंदाजपत्रकांत त्या सर्रास दिसतात. म्हणून ते बिल जसं सोडवलं तसं इथे मांडतो. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे गोल केले आहेत.

आधी मूळ फरक बघू. ज्या खर्चाचा उपयोग त्या वर्षातच संपतो किंवा जो आहे ती वस्तू आहे तशी चालू ठेवण्यासाठी होतो, तो महसुली : पगार, वीजबिल, वर्तमानपत्रं, डागडुजी. ज्या खर्चातून पुढची अनेक वर्षं वापरता येईल अशी वस्तू संस्थेकडे येते, किंवा असलेल्या वस्तूची क्षमता वाढते, तो भांडवली. केंद्र सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ मधला ८४ वा नियमही साधारण असंच सांगतो : कायमस्वरूपी मालमत्ता मिळवणं किंवा आहे तिची उपयुक्तता वाढवणं हे भांडवली, आणि ती चालू स्थितीत ठेवण्याचा नंतरचा सगळा खर्च महसुली. आमच्या ट्रस्टला तो नियम लागू नाही, पण व्याख्या इतकी सुटसुटीत आहे की समितीला समजावताना मी तीच वापरतो.

महसुली खर्च त्याच वर्षीच्या उत्पन्न-खर्च पत्रकात जातो आणि तिथेच संपतो. भांडवली खर्च ताळेबंदात मालमत्ता म्हणून बसतो आणि तिथून दरवर्षी थोडाथोडा, घसाऱ्याच्या रूपानं, उत्पन्न-खर्च पत्रकात उतरतो. पैसे खिशातून एकदाच जातात, त्यांचा भार मात्र कोणत्या वर्षांवर पडणार हे या वर्गवारीवर ठरतं.

भार किती बदलतो ते आमच्याच आकड्यांत पाहा. त्या वर्षी वाचनालयाचं महसुली उत्पन्न होतं १९,२०,०००. म्हणजे वर्गणी, अनुदान, ठेवींवरचं व्याज, सभागृहाचं भाडं. नेहमीचा महसुली खर्च, जुन्या मालमत्तेच्या घसाऱ्यासकट, १८,१०,०००. हे बिल बाजूला ठेवलं तर १,१०,००० चा वाढावा. आता सगळं बिल दुरुस्तीत टाकलं तर पत्रक ५,७५,००० ची तूट दाखवतं. सगळं इमारतीत टाकलं आणि १० टक्के घसारा धरला, तर ६८,५०० वजा होऊन ४१,५०० चा वाढावा दिसतो. बँकेतून गेलेली रक्कम दोन्हीकडे तीच. पण पहिलं पत्रक वाचून समिती वर्गणी वाढवायला निघेल आणि दुसरं वाचून ग्रंथपालांची पगारवाढ मंजूर करून मोकळी होईल. खरी परिस्थिती या दोन्हींपेक्षा वेगळी होती.

कंत्राटदाराला बोलावून घेतलं आणि कामागणिक आकडे लिहून मागितले. तो कुरकुरला, “सगळं एकदमच केलंय हो”, पण त्याच्या वहीत हिशेब होता. तो असा निघाला :

गळक्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग : १,४०,०००
वरच्या मजल्यावर नवी अभ्यासिका, भिंती आणि पत्र्याचं छत : ३,६०,०००
अभ्यासिकेतलं नवीन वायरिंग : ६०,०००
अभ्यासिकेचा पहिला रंग : २०,०००
खालच्या जुन्या हॉलचं रंगकाम : ४५,०००
जुन्या हॉलच्या कुजलेल्या खिडक्यांजागी ॲल्युमिनियमच्या खिडक्या : ३५,०००
परांची, राडारोडा उचलणं, वाहतूक : २५,०००

अभ्यासिका भांडवली, यात वाद नाही. काल जिथे मोकळी गच्ची होती तिथे आज तीस मुलं बसतात. वायरिंगही तिच्यासोबतच जातं, कारण त्याशिवाय ती वापरण्याजोगी होत नाही. गंमत रंगाची आहे. एकाच डब्यातला, एकाच माणसानं मारलेला रंग वर भांडवली आणि खाली महसुली ठरतो. नवीन वास्तू पहिल्यांदा वापरायोग्य करण्यासाठी जे जे लागतं ते तिच्या किमतीत मिळवायचं. खालच्या हॉलचा रंग मात्र पाचसहा वर्षांनी पुन्हा मारावाच लागतो. त्यानं हॉल मोठा होत नाही, फक्त बरा दिसतो.

वॉटरप्रूफिंगवर बैठकीत बरीच चर्चा झाली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, “दीड लाखाच्या घरात गेलेला खर्च दुरुस्ती कसा म्हणता? आणि हे काही दरवर्षी करत नाही आपण.” दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोन्हींनी उत्तर बदलत नाही. गच्चीनं पाऊस अडवणं अपेक्षितच होतं. ती अडवत नव्हती, आता अडवते. म्हणजे हरवलेली क्षमता परत आली, नवी आली नाही. रक्कम मोठी आहे म्हणून दुरुस्तीची मालमत्ता होत नाही.

तरीही ती मालमत्तेत दाखवली तर काय होतं? १,४०,००० वर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १० टक्के घसारा धरला, तर पाच वर्षांनी ताळेबंदात ८२,६६९ रुपये शिल्लक दिसतात. तोवर त्या थराला पुन्हा भेगा गेलेल्या असतील आणि नवं बिल आलेलं असेल. मग ताळेबंदात जुना, उखडलेला थर आणि त्याच्या डोक्यावर नवा, असे दोन्ही मालमत्ता म्हणून नांदतात. असे ताळेबंद मी पाहिले आहेत. इमारतीची किंमत वर्षागणिक फुगत जाते आणि इमारत मात्र गळत असते.

मोठी दुरुस्ती एका वर्षाला झेपत नाही ही अडचण खरी आहे. तिला उपाय आहे, पण तो खर्चाला भांडवली म्हणण्याचा नाही. दरवर्षीच्या वाढाव्यातून ठरावीक रक्कम ‘दुरुस्ती निधी’त बाजूला काढायची आणि ज्या वर्षी गच्ची निघेल त्या वर्षी तिथून भरपाई करायची. गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये राहणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही. त्यांच्या महिन्याच्या बिलात दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड असे दोन वेगळे रकाने असतातच.

खिडक्यांचं उत्तर इतकं सरळ नाही. लाकडी जाऊन ॲल्युमिनियमच्या आल्या, म्हणजे आधीपेक्षा चांगल्या आल्या. मग ही सुधारणा की दुरुस्ती? अशा वेळी मी एक गोष्ट बघतो : आपल्या मालमत्तेच्या नोंदीत ही वस्तू स्वतंत्र उभी आहे का? आमच्याकडे ‘इमारत’ ही एक नोंद आहे, खिडक्या तिच्या पोटात. इमारतीचा एक कुजलेला भाग बदलला, इमारत तीच राहिली. म्हणून महसुली. लेखा मानक १० असंही म्हणतं की मोठा भाग बदलला तर नवा भाग मालमत्तेत घेऊन जुन्याची उरलेली किंमत काढून टाकता येते. पण १९७० च्या दशकातल्या खिडक्यांची किंमत आज शोधणार कुठून? ३५,००० साठी तो खटाटोप मी केला नाही. वेगळा हिशेबनीस वेगळं ठरवेल, आणि त्यानं ते दरवर्षी सारखंच ठरवलं तर माझी हरकत नाही.

याच्या उलट, बोअरवेलचा पंप डेडस्टॉक रजिस्टरमध्ये स्वतःच्या क्रमांकानं नोंदलेला आहे. त्याची मोटर रिवाइंड केली तर ती दुरुस्ती. पंपच नवा आणला तर तो भांडवली, पाणी पूर्वीइतकंच येत असलं तरीही. कारण जुनी वस्तू गेली आणि नवी आली. इथे एक काम हमखास विसरलं जातं : जुना पंप रजिस्टरमधून आणि ताळेबंदातून निर्लेखित करायचा. नाहीतर एका बोअरला कागदोपत्री तीन पंप लागतात.

उरले परांची आणि वाहतुकीचे २५,०००. हे दोन्ही कामांसाठी झालेले, म्हणून प्रमाणात वाटायचे. भांडवली कामं ४,४०,०००, महसुली २,२०,०००, म्हणजे दोनास एक. त्यामुळे १६,६६७ भांडवलीत आणि ८,३३३ महसुलीत गेले. शेवटी बिल असं फुटलं : भांडवली ४,५६,६६७ आणि महसुली २,२८,३३३. नेहमीच्या वाढाव्यातून महसुली भाग वजा केला की १,१८,३३३ ची तूट, आणि नव्या अभ्यासिकेचा वर्षाचा घसारा ४५,६६७ धरला की १,६४,०००. आमची खरी तूट ही होती. पावणेसहा लाखांचा आकडा ऐकून घाबरलेली समिती यावर शांत झाली, आणि ४१,५०० च्या वाढाव्याचं स्वप्नही कुणाला पडलं नाही.

आर्किटेक्टची फी आणि परवानगीचं शुल्क वेगळ्या व्हाउचरनं गेलं होतं. ते अभ्यासिकेच्या किमतीत मिळवलं असतं तर १,६४,००० चा आकडा थोडा हलला असता, पण सोपेपणासाठी ते इथे सोडून दिलं आहे. उद्घाटनाचा मांडव, शाल-श्रीफळ आणि पेढे मात्र किमतीत येत नाहीत. वास्तू नारळ फोडण्याआधीच तयार झालेली असते. तो खर्च सरळ ‘कार्यक्रम’ खात्यात.

आता चिटणिसाची दुसरी चूक. “पैसे इमारत निधीतून दिलेत.” पैसे कुठून आले हा एक प्रश्न, ते कशावर गेले हा दुसरा. खर्चाची जात दुसऱ्या प्रश्नावर ठरते. देणगीदारानं इमारतीसाठी दिलेल्या पैशातून तुम्ही हॉल रंगवलात तर रंग भांडवली होत नाही. उलट विचारावं लागतं की देणगीदारानं कशासाठी दिले होते. आमच्या निधीचा मूळ ठराव काढून पाहिला. त्यात ‘नवीन बांधकामासाठी’ असे शब्द होते. म्हणजे २,२८,३३३ त्या निधीतून जायलाच नको होते. ते सर्वसाधारण खात्यातून इमारत निधीला परत वळते केले. बिलाची फोड झाली नसती तर ही गोष्ट बाहेरच आली नसती.

वाचनालयात याहून नाजूक प्रश्न पुस्तकांचा. दुकानदाराला पुस्तक म्हणजे विक्रीचा माल, शाळेच्या शिक्षकाला दिलेली पाठ्यपुस्तकाची प्रत म्हणजे साहित्य, पण वाचनालयाला पुस्तक म्हणजे मालमत्ता. ज्या पुस्तकाला दाखल नोंदवहीत क्रमांक मिळतो ते भांडवली, ही आमची साधी खूण. वर्तमानपत्रं आणि साप्ताहिकं महसुली, त्यांची रद्दी विकून आलेले पैसे किरकोळ उत्पन्न. फाटक्या पुस्तकांची बांधणी महसुली. स्पर्धा परीक्षांची दरवर्षी बदलणारी मार्गदर्शकं दिसायला जाडजूड असली तरी पुढच्या वर्षी कुणी हात लावत नाही. ती आम्ही महसुलीत घेतो आणि त्यांना मुख्य नोंदवहीत क्रमांक देत नाही.

आणि दिवाळी अंक! हे मराठी वाचनालयांचं खास दुखणं. दरवर्षी साठसत्तर अंक घेतो, चार महिने ते हातोहात फिरतात, होळीपर्यंत पानं सुटतात. आमच्याकडे ते महसुली आहेत. पण त्यातले निवडक दहाबारा आम्ही कापडी बांधणी करून संदर्भ विभागात कायमचे ठेवतो. मग ते भांडवली नाहीत का? तत्त्वतः आहेत. पण खरेदीच्या वेळी कोणते टिकणार हे माहीत नसतं आणि रक्कम लहान असते. म्हणून पैशांपुरते सगळे महसुली, आणि बांधलेले अंक फक्त नोंदवहीत चढवायचे. पैशात शून्य, नोंदीत हजर.

हाच तोडगा छोट्या वस्तूंनाही चालतो. ७५० रुपयांच्या चाळीस प्लॅस्टिक खुर्च्या घेतल्या. एकेक खुर्ची म्हटली तर किरकोळ, सगळ्या मिळून ३०,०००. इथे संस्थेनं मर्यादा ठरवावी लागते. केंद्रीय विद्यापीठांच्या हिशेबात २,००० रुपयांपर्यंतच्या वस्तूवर, ग्रंथालयाची पुस्तकं सोडून, खरेदीच्या वर्षीच शंभर टक्के घसारा लावतात, पण वस्तूची नोंद आणि मोजणी चालू ठेवतात. आम्ही समितीत ठराव केला : नगाला २,००० पर्यंतची वस्तू महसुली, पण एकदम खरेदीची रक्कम २५,००० च्या पुढे गेली तर संपूर्ण खेप भांडवली. त्यामुळे खुर्च्या भांडवलीत गेल्या. हे आकडे तुमच्यासाठी वेगळे असू शकतात. मात्र ते खरेदीच्या आधी ठरलेले असावेत, मार्चमध्ये तूट किती दिसतेय ते बघून नव्हे.

या सगळ्याचा परिणाम अंदाजपत्रकाच्या मांडणीवर झाला. आमच्या जुन्या अंदाजपत्रकात ‘इमारत’, ‘संगणक’, ‘पुस्तके’, ‘फर्निचर’ अशी वस्तूंच्या नावांची शीर्षं होती. गोंधळाचं मूळ तिथेच होतं. ‘संगणक’ या एका नावाखाली नवा संगणक, प्रिंटरचा टोनर, एएमसी आणि इंटरनेट असे चौघे जण एकत्र बसायचे. आता प्रत्येक वस्तू दोनदा येते. महसुली भागात ‘संगणक : देखभाल व वापर’, भांडवली भागात ‘संगणक : खरेदी’. महसुली भागात ‘इमारत : दुरुस्ती व रंगकाम’, भांडवली भागात ‘इमारत : नवीन बांधकाम व वाढ’. ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरची वार्षिक वर्गणी महसुली भागात, एकदाच विकत घेतलेला कायमचा परवाना भांडवली भागात. शीर्षाच्या नावातच क्रियापद दडलेलं असलं की व्हाउचर लिहिणाऱ्याला विचार करावाच लागतो. सार्वजनिक विश्वस्त संस्थांच्या नियमांतल्या नवव्या अनुसूचीतल्या उत्पन्न-खर्च पत्रकातही मालमत्तांवरच्या खर्चाखाली कर, दुरुस्ती, विमा, घसारा असे वेगळे उपशीर्षक दिलेले आहेत. अंदाजपत्रक त्याच क्रमानं लावलं की वर्षअखेर तुलना करताना जुळवाजुळव करावी लागत नाही.

एक सूचना घसाऱ्याबद्दल. अंदाजपत्रक रोख जमाखर्चाचं असेल तर घसारा त्यात घालू नका, कारण त्यासाठी कुणाला चेक द्यावा लागत नाही. कंत्राटदाराला दिलेली उचलही काम झाल्याशिवाय ना भांडवली ना महसुली, ती नुसती उचल. ३१ मार्चला अर्धवट असलेली अभ्यासिका ‘चालू बांधकाम’ म्हणून वेगळी दाखवायची आणि तिच्यावर घसारा सुरू करायचा नाही.

“पण प्राप्तिकरात दोन्ही चालतं ना?” असं हमखास कुणीतरी विचारतं. धर्मादाय संस्थेनं आपल्या उद्देशासाठी केलेला भांडवली खर्चही उत्पन्नाचा विनियोग म्हणून धरला जातो, हे खरं. पूर्वी संस्था तो विनियोग दाखवून वर त्याच मालमत्तेचा घसाराही मागत. पुण्याच्याच राजस्थान अँड गुजराती चॅरिटेबल फाउंडेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये जुन्या वर्षांसाठी ते मान्यही केलं. पण त्याआधीच २०१४ च्या वित्त कायद्यानं ही दुहेरी सोय १ एप्रिल २०१५ पासून बंद केली होती. म्हणजे आज कोणती वस्तू भांडवली धरली होती याची नोंद नीट नसेल, तर एकाच अभ्यासिकेचा फायदा चुकून दोनदा घेतला जाण्याचा धोका आहे.

वर्षअखेरीला मी दोनच गोष्टी तपासतो. पहिली : दुरुस्तीच्या खात्यात गेल्या वर्षाच्या दुपटीहून मोठी उडी आहे का. असेल तर मोठी व्हाउचरं काढून वाचायची, बहुतेक वेळा त्यात एखादं कपाट किंवा इन्व्हर्टर लपलेला असतो. दुसरी : ताळेबंदात त्या वर्षी मालमत्तेत जितकी भर दिसते, तितक्या रुपयांच्या वस्तू डेडस्टॉक रजिस्टर आणि दाखल नोंदवही मिळून बोट ठेवून दाखवता येतात का. गेल्या वर्षी फर्निचरमध्ये ११,८०० रुपयांची भर होती आणि रजिस्टरमध्ये तेवढ्या किमतीचं काहीच सापडेना. ग्रंथपालबाईंना विचारलं. त्या हसून म्हणाल्या, “अहो, ते जुन्या टेबलांना पॉलिश केलं होतं.”